‘काऊन घेतला?’ : सौद्याच्या वहीत लिहायचं ते आधी

2024 च्या दिवाळीत माझा पुतण्या यवतमाळहून गावी आला होता. कॉलेजात शिकतो, आणि शेअर बाजाराचं वेड त्यालाही लागलंय. मी गेली काही वर्षं इंट्राडे करतो, म्हणजे ज्या दिवशी घ्यायचं त्याच दिवशी विकायचं, हे त्याला माहीत आहे. ओसरीत बसून त्यानं माझ्या फोनवर ब्रोकरचं स्टेटमेंट उघडलं आणि एका तोट्यावर बोट ठेवलं.

“काका, हा सौदा तुमी काऊन घेतला?”

मला सांगता आलं नाही. तारीख होती, वेळ सेकंदासकट होती, भाव पैशासकट होता, कर किती कापला तेही होतं. ‘काऊन’ तेवढं कुठंच नव्हतं. मी म्हणालो, “अरे, वर जाऊन रायला होता म्हणून घेतला.” तो म्हणाला, “मग इकला काऊन?” तेही आठवेना.

त्या प्रश्नानंतर मी वही घातली. साधी दोनशे पानी वही आणि फोनमध्ये फोटोंचा एक फोल्डर, एवढंच. ट्रेडिंग जर्नल म्हणतात ते हेच. वहीत काय काय लिहावं याच्या लांबलचक याद्या मिळतात, पण मला त्यातली एकच गोष्ट नीट सांगायची आहे, कारण तिच्यावर बाकीचं सगळं उभं आहे: कारण आणि मनाची अवस्था ऑर्डर टाकण्याच्या आधी लिहायची. नंतर लिहिलेली वही कितीही सुंदर दिसली तरी तिच्यातून काही कळत नाही.

आपल्याकडे सोयाबीन पेरताना बियाण्याच्या पिशवीचं लेबल आणि पावती जपून ठेवतात. उगवण झाली नाही, तक्रार करायची वेळ आली, तर तोच पुरावा असतो. ते लेबल पेरणीच्या दिवशीच ठेवावं लागतं. पंधरा दिवसांनी बांधावर शोधायला गेलं तर पिशवी पावसात गेलेली असते. सौद्यामागचं कारण असंच असतं. शेअर वर गेला किंवा खाली गेला की तुमचं मूळ कारण मनातून पुसलं जातं, आणि त्या जागी निकालाला शोभेल असं नवं कारण येऊन बसतं. हे मुद्दाम खोटं बोलणं नसतं. मनाला तेव्हा खरंच वाटतं की आपण असाच विचार केला होता.

हे सगळं एका पानावरून दाखवतो.

9 जानेवारी 2025, गुरुवार

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं ट्रेडिंगचं भांडवल 60 हजार रुपये. एका सौद्यात जास्तीत जास्त 500 रुपये जाऊ द्यायचे, हे ठरलेलं. चार्ट 15 मिनिटांच्या कॅन्डलचा. म्हणजे चार्टवरची प्रत्येक उभी कांडी 15 मिनिटांत भाव कुठं सुरू झाला, कुठवर चढला, कुठवर पडला आणि कुठं बंद झाला ते दाखवते. सुरुवातीपेक्षा वर बंद झाली तर हिरवी, खाली बंद झाली तर लाल. पद्धत साधी आहे: आदल्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव ओलांडून कॅन्डल त्याच्या वर बंद झाली, की विकत घ्यायचं.

त्या दिवशी एका मोठ्या कंपनीच्या शेअरवर नजर होती. वहीत हे लिहिलेलं आहे, जसंच्या तसं:

“10:16. कालचा उच्चांक 838. 10:15 ला कॅन्डल 839.50 वर बंद झाली. व्हॉल्यूम आधीच्या तिन्ही कॅन्डलपेक्षा जास्त आहे. 840 ला घेतो, 50 नग. 830 तुटला तर माझं चुकलं, कारण सकाळी भाव 831 वरून वळला आहे. टार्गेट 860. जाऊ शकतात 500. झोप 4 तास, रात्री ओलीत. आज पहिलाच सौदा. सुटला तर चालेल.”

यातला व्हॉल्यूम म्हणजे तेवढ्या वेळात किती शेअर्सची उलाढाल झाली ते. एवढं लिहायला मला दीड मिनिट लागलं. मग ऑर्डर टाकली, स्टॉपलॉस लावला, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विकायची ऑर्डर. 11:05 ला भाव 829.50 पर्यंत आला आणि 830 चा स्टॉपलॉस लागला. 500 रुपये गेले.

त्याच पानावर खाली दुसरी नोंद आहे:

“11:12. परत वर येतोय. 834. 100 नग.”

बस. स्टॉपलॉस नाही, टार्गेट नाही, झोप नाही, मन नाही. 11:40 ला 826 ला विकला. 800 रुपये गेले.

ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये हे दोन्ही सौदे सारखेच दिसतात: दोन्ही तोट्याचे. वहीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला सौदा पद्धतीप्रमाणे घेतला आणि ठरलेलाच तोटा देऊन संपला. त्यात दुरुस्त करायचं काही नाही. मृगात पेरलं आणि पावसानं दडी मारली, असं समजा. दुसऱ्यात नग दुप्पट झाले आणि कारणाची एकच ओळ उरली. पहिला तोटा भरून काढायची घाई त्या रिकाम्या रकान्यांतच दिसते. वेगळं ‘मन’ लिहायचीही गरज पडली नाही.

स्क्रीनशॉटनं जे दाखवलं

दुसऱ्या सौद्याचा स्क्रीनशॉट मात्र मी सवयीनं 11:12 ला काढला होता. त्यात चालू कॅन्डल हिरवीगार दिसते, 831 पासून सरळ 834 पर्यंत चढलेली, माथ्यावर भाव उभा. ते चित्र बघून कोणालाही वाटेल की गाडी सुटली.

संध्याकाळी जनावरांचं चारापाणी करून बसलो आणि तोच चार्ट पुन्हा उघडला. 11:00 ते 11:15 ची ती कॅन्डल तिथं हिरवी नव्हतीच. ती लाल होती. 831 ला उघडली, 834.50 पर्यंत गेली आणि 830 ला बंद झाली. जी उंच हिरवी भिंत बघून मी ब्रोकरच्या उधारीवर 83 हजार 400 रुपयांचा माल उचलला होता, तिची वर फक्त एक बारीक वात, कांडीच्या डोक्यावरची रेघ, उरली होती.

पुतण्याला दोन्ही फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

“काका, तुमी घेतला तवा कॅन्डल तं बंदच झाली नव्हती!”

838 च्या खाली तो सौदा माझ्या नियमात बसतच नव्हता, आणि तीन मिनिटं थांबलो असतो तर कॅन्डल लाल बंद झालेलीही दिसली असती. आणि हे मला फक्त 11:12 च्या फोटोमुळे कळलं. संध्याकाळचा चार्ट एकट्यानं बघितला असता तर मी म्हणालो असतो, “इथं मी कसा काय घेतला?” आणि पुढं गेलो असतो. चालू कॅन्डल क्षणाक्षणाला रूप बदलते, आणि बंद झाल्यावर मधली सगळी रूपं चार्टवरून नाहीशी होतात. तुम्ही निर्णय घेतला ते रूप जपायचा स्क्रीनशॉट हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

म्हणून प्रत्येक सौद्याचे फोटो दोन. पहिला ऑर्डरच्या आधी, दुसरा दिवस संपल्यावर, त्याच टाइमफ्रेमवर, म्हणजे माझ्यासाठी 15 मिनिटांच्याच चार्टवर. पहिल्या फोटोत शेअरचं नाव, टाइमफ्रेम आणि फोनच्या वरच्या पट्टीतली वेळ दिसली पाहिजे. आणि फोटो काढण्याआधी चार्टवर तीन आडव्या रेषा ओढायच्या: कुठं घेणार, कुठं चुकलं मानणार, कुठं विकणार. रेषा नसलेला फोटो संध्याकाळी मुका होतो. त्याच्यावर तुम्हाला हवी ती गोष्ट नंतर रचता येते.

फोटोला नाव देताना तारीख आधी, मग वेळ, मग त्या दिवसाचा कितवा सौदा, मग आधीचा की नंतरचा. उदाहरणार्थ:

```
2025-01-09_1112_02_aadhi.png
2025-01-09_1112_02_nantar.png
```

असं नाव दिलं की फोल्डरमध्ये ते आपोआप क्रमानं लागतात आणि वहीतल्या ओळीशी जुळवायला त्रास होत नाही. मी सुरुवातीला हे फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवत होतो. तसं करू नका. तिथं फोटो दाबून लहान होतो, बारीक आकडे पुसट होतात आणि फाइलचं नावही बदलतं. फोल्डरची एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवा. शेतात फोन पाण्यात पडायला वेळ लागत नाही.

आणखी एक कारण, थोडं उशिरा कळलेलं. कंपनीनं बोनस दिला किंवा शेअरचे तुकडे केले की चार्टवरचे जुने भाव मागं जाऊन बदलले जातात. एकास एक बोनस झाला तर 840 चा जुना भाव पुढं 420 दिसतो. सहा महिन्यांनी वही आणि चार्ट जुळेना म्हणून डोकं धरून बसायचं नसेल, तर त्या दिवशीचा फोटोच कामी येतो.

कारण कसं ओळखायचं

वहीतलं कारण खरंच आधीचं आहे की नंतर सुचलेलं, हे आपली भाषाच सांगून टाकते. मला हे माझीच जुनी पानं वाचताना कळलं आणि आता पुतण्याची वही तपासताना मी आधी तेवढंच बघतो.

आधी लिहिलेलं कारण वर्तमानात किंवा भविष्यात असतं. ‘बंद झाली आहे’, ‘घेतो’, ‘तुटला तर चुकलं’. त्यात एक ‘तर’ असतोच, कारण पुढं काय होईल ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. नंतर लिहिलेलं कारण भूतकाळात जातं, आणि त्यात ‘च’ येतो. ‘वर जाणारच होता’, ‘कमजोरी दिसतच होती’, ‘मला वाटलंच होतं’. ‘च’ दिसला की समजावं, हे पान निकाल कळल्यावर भरलंय.

‘तर’ हा शब्द एवढा महत्त्वाचा का? कारण ज्या कारणाला चुकण्याची जागाच नाही, ते कारण तपासता येत नाही. ‘शेअर चांगला आहे’ हे कधी चुकणार? भाव पडला तरी तुम्ही म्हणाल, आहेच चांगला, वेळ लागेल. अशाच वाक्यावर इंट्राडेचा सौदा घरी मुक्कामाला येतो आणि मग महिनोन्‌महिने पडून राहतो. ‘830 तुटला तर माझं चुकलं’ या वाक्याला मात्र पळवाट नाही. म्हणून माझ्या वहीत नियम एकच आहे: ‘तर’ नसलेलं कारण म्हणजे कारण नाही. असा सौदा नफ्यात गेला तरी त्याच्यापुढं ‘योजनेबाहेर’ असंच लिहायचं.

लोक म्हणतात, लिहीत बसलो तर भाव निघून जातो. 15 मिनिटांच्या चार्टवर एका मिनिटानं फारसं बिघडत नाही. अगदीच हात गुंतले असतील, एका हातात बादली असेल, तर मी फोनवर वीस सेकंद बोलून रेकॉर्ड करतो आणि नंतर तेच शब्द, एकही न बदलता, वहीत उतरवतो. भाव निघूनच गेला तर ‘सुटला’ म्हणून नोंद करतो. पण जे मिनिटा-मिनिटाचे सौदे करतात, दिवसाला पंचवीस-तीस, त्यांना ही पद्धत झेपणार नाही हे खरं आहे. त्यांनी निदान दिवसाच्या सुरुवातीला, बाजार उघडायच्या आत, आज कुठल्या भावाला काय करणार ते लिहून ठेवावं.

मन लिहायचं म्हणजे काय लिहायचं

सुरुवातीला मी ‘मन’ या रकान्यात ‘बरं’, ‘ठीक’, ‘थोडी भीती’ असं लिहीत होतो. काही दिवसांनी ते वाचून काहीच हाती लागलं नाही. ‘ठीक’ सगळीकडे होतं. नफ्याच्या सौद्यापुढंही ठीक, तोट्याच्या सौद्यापुढंही ठीक. माणूस तापलेला असतो तेव्हा त्याला आपण तापलोय हे कळत नाही, ही यातली अडचण आहे. राग आलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल मी शांतच आहे.

म्हणून आता मी भावना लिहीत नाही. ज्यातून भावना कळते अशा तीन गोष्टी लिहितो, आणि तिन्ही तपासता येतात. पहिली: रात्री झोप किती तास झाली. दुसरी: आजचा आधीचा सौदा किती मिनिटांपूर्वी संपला आणि त्यात किती आले किंवा गेले. तिसरी: हा सौदा सुटला तर कसं वाटेल.

तिसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं अवघड आहे. ‘चालेल’ असं पेन न अडखळता लिहिता आलं तर बहुतेक वेळा सौदा पद्धतीतला असतो. पेन थांबलं, किंवा मनात आलं की ‘हा सुटला तर आजचा दिवसच गेला’, तर तुम्ही भावाच्या मागं धावताय. 11:12 च्या नोंदीत हा रकाना रिकामा आहे, आणि मला चांगलं माहीत आहे की तो का रिकामा आहे.

झोपेचा रकाना मी खरं तर उगाच घातला होता. सगळ्यात जास्त त्यानंच सांगितलं.

46 सौद्यांची बेरीज

डिसेंबर आणि जानेवारीत मिळून 46 सौदे झाले. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ते सगळे मांडून बसलो. रुपयांत बेरीज करण्याऐवजी मी पटीत केली. माझी ठरलेली जोखीम 500, तिला एक धरायचं. 500 गेले तर उणे एक, 1000 आले तर अधिक दोन, 800 गेले तर उणे एक पूर्णांक सहा दशांश. असं केलं की 50 नगांचा आणि 100 नगांचा सौदा एकाच मापानं मोजता येतो, आणि आपण ठरवल्यापेक्षा जास्त कुठं गमावलं तेही लगेच दिसतं. ज्या तोट्यापुढं उणे एकपेक्षा मोठा आकडा आहे, तिथं स्टॉपलॉस पाळला नाही किंवा नग वाढवले.

मग दोन ढीग केले. ऑर्डरच्या आधी कारण लिहिलेलं आहे आणि त्यात ‘तर’ आहे, असे 30 सौदे. बाकीचे 16 योजनेबाहेरचे. इथं मनानं ठरवायचं काही नाही, पान बघितलं की कळतं.

योजनेतल्या 30 मध्ये 12 नफ्याचे निघाले, मिळून अधिक 20. तोट्याचे 18, मिळून उणे 17. निव्वळ अधिक 3. योजनेबाहेरच्या 16 मध्ये 5 नफ्याचे, मिळून अधिक 4, आणि 11 तोट्याचे, मिळून उणे 15. निव्वळ उणे 11. दोन्ही मिळून उणे 8, म्हणजे 4000 रुपये तोटा.

दोन महिने मी समजत होतो की माझी पद्धत तोट्याची आहे आणि ती बदलायला हवी. नवा इंडिकेटर शोधत होतो. सगळा तोटा त्या 16 मध्ये होता.

पण इथं थांबून ‘म्हणजे माझी पद्धत नफ्याची’ असं म्हणालो असतो तर तीही फसवणूक झाली असती. हे आकडे खर्च धरायच्या आधीचे आहेत. ब्रोकर रोज कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो, त्यात दलाली, विक्रीवरचा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी असं सगळं असतं. 42 हजारांच्या एका सौद्याला, घेणं आणि विकणं मिळून, मला साधारण 45 रुपये पडत होते. 30 सौद्यांचे 1350. माझ्या मापात ते उणे 2.7 होतात. म्हणजे अधिक 3 मधून उरले फक्त 0.3, दीडशे रुपये. दोन महिन्यांचे.

हे पान मी पुतण्याला मुद्दाम दाखवलं. योजना पाळली तरी माझी पद्धत जेमतेम पाण्यावर तरंगत होती, आणि 30 सौदे इतके थोडे आहेत की ते तरंगणंही नशीब असू शकतं. वही वाईट पद्धतीला चांगली करत नाही. तोटा कुठून गळतोय, पद्धतीतून की हातातून, एवढं ती दाखवते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं जुलै 2024 मध्ये एक अभ्यास दिला होता. 2022-23 या आर्थिक वर्षात शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या 10 पैकी 7 जणांना तोटा झाला, आणि वर्षात 500 पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत तोट्यातल्यांचं प्रमाण 80 टक्के होतं. माझे दोन महिन्यांत 46 म्हणजे त्या मानानं कमी, तरी खर्चानं नफा खाल्लाच.

आता त्या 16 सौद्यांचं ‘मन’. त्यातले 9 आधीचा तोटा झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेतलेले होते. हे मला थोडंफार अपेक्षित होतं. उरलेल्या 7 पैकी 4 पुढं ‘झोप 4 तास’ किंवा त्याहून कमी असं लिहिलेलं होतं.

मग मी योजनेचा विचार बाजूला ठेवून, सगळ्या 46 मधून ओलिताच्या रात्रीनंतरच्या सकाळचे सौदे वेगळे काढले. आमच्याकडे शेतीच्या पंपाला लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. थंडीत, अंधारात, सापाविंचवाचं भान ठेवून दांड फोडायचे, आणि पहाटे येऊन पडायचं. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा अंगात जागरण असतंच. असे सौदे 13 निघाले. त्यांची बेरीज उणे 7. म्हणजे एकूण उणे 8 पैकी उणे 7 त्या 13 सौद्यांत, आणि बाकीचे 33 मिळून फक्त उणे 1.

9 जानेवारीही त्यातलाच दिवस होता. ‘झोप 4 तास, रात्री ओलीत’ हे मी पहिल्या सौद्यापुढं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि तासाभरानं दुसरा सौदा घेतला.

त्यावर काय केलं

13 सौदे म्हणजे पुरावा नाही. योगायोगानंही असं होतं. म्हणून मी ‘ओलिताच्या रात्रीनंतर ट्रेडिंग बंद’ असं जाहीर करून मोकळा झालो नाही. त्या सकाळी पैसे लावायचे नाहीत, पण पद्धतीप्रमाणे जागा दिसली तर कारण, रेषा, फोटो सगळं तसंच करायचं, फक्त ऑर्डर टाकायची नाही, आणि नोंद लाल शाईनं करायची. म्हणजे घेतलेल्या आणि सोडलेल्या सौद्यांची गल्लत होत नाही. संध्याकाळी बघायचं की घेतला असता तर काय झालं असतं.

इथं एक खोड सांभाळावी लागते. सोडलेला सौदा नफ्यात गेला की तो लक्षात राहतो आणि लिहिला जातो. तोट्यात गेला की ‘बरं झालं’ म्हणून सोडून दिला जातो. मग महिनाभरानं लाल शाई सांगते की तुम्ही फार कमावलं असतं. म्हणून लाल नोंदही भाव हलायच्या आधी, वेळेसकट आणि फोटोसकट झाली असेल तरच धरायची. माझ्या पहिल्या दोन लाल नोंदी मी याच कारणानं खोडल्या.

दुसरा नियम सोपा होता. स्टॉपलॉस लागला की पुढच्या दोन कॅन्डल, म्हणजे अर्धा तास, फोन खिशात. त्या वेळात गोठ्यात एक चक्कर होते. अर्ध्या तासानंतरही जागा पद्धतीत बसत असेल तर नवीन पान, नवीन कारण, नवा ‘तर’, आणि नग तेवढेच.

पुतण्यानं विचारलं, “अन्‌ काका, मन लई चांगलं असन तं? सलग तीन सौदे आले तं?” त्याचा प्रश्न बरोबर होता. तेही लिहावं लागतं, कारण तीन नफ्यांनंतर हात सैल होतो आणि नग वाढतात. माझ्या 46 मध्ये असं दोनदाच झालंय, त्यावरून काही म्हणता येत नाही. त्याच्या वहीत मात्र दर आठवड्याला दिसतं, म्हणून त्यानं दुसऱ्या रकान्यात एक आकडा वाढवलाय: आज आतापर्यंत सलग किती जिंकले.

फेब्रुवारी संपेपर्यंत गव्हाचं पाणी चाललं, तोवर 11 लाल नोंदी झाल्या. घेतल्या असत्या तर 4 नफ्यात आणि 7 तोट्यात, मिळून उणे 1. घेतलेल्या 13 सौद्यांचे उणे 7 होते, तेव्हा झोप कमी असतानाही चार्टमधल्या जागा तेवढ्या वाईट नव्हत्या. बिघडत होतं ते हातात: दुप्पट नग, न लावलेला स्टॉपलॉस, बंद व्हायच्या आधी धरलेली कॅन्डल. लाल शाईच्या नोंदीत हात नव्हताच, म्हणून तोटा लहान राहिला. पुढच्या रब्बीत 30 लाल नोंदी पुऱ्या झाल्या की पुन्हा मांडून बसणार आहे.